स्लाइड मागवायचा मेल: साच्यात रिकाम्या जागा ठेवा, मेल आपोआप छोटा होतो

प्रश्न: सातपूरला कंपनीत आहे. दर महिन्याच्या आढाव्यासाठी पाच विभागांकडून प्रत्येकी दोन स्लाइड मागवतो. टेम्प्लेट जोडून "लवकरात लवकर पाठवा" असा मेल टाकतो, तरी प्रत्येकाचा रंग वेगळा, फॉन्ट वेगळा, आणि फाइल आदल्या रात्री. मेल कसा लिहू?

उत्तर: आधी जोडलेली फाइल बघा. तुम्ही बहुधा .potx पाठवत असाल. त्यावर डबल-क्लिक केलं की पॉवरपॉइंट Presentation1 नावाची नवी कोरी फाइल उघडतं. मग समोरचा गेल्या महिन्याच्या स्लाइड त्यात आणतो, आणि पेस्ट करताना Keep Source Formatting निवडलं की जुना साचाही सोबत येतो. त्यापेक्षा साधी .pptx पाठवा. तिच्यात त्या विभागाच्या दोन स्लाइड तयार ठेवा: शीर्षक लिहिलेलं, तक्त्याची जागा ठरलेली, नावही दिलेलं. उदाहरणार्थ `03_Maintenance_Nov.pptx`. पाच विभाग, पाच फाइली. अर्ध्या तासाचं काम. नावात आकडा आधी ठेवला की फोल्डरमध्ये त्या सादरीकरणाच्या क्रमानेच लागतात.

आता वेळ. ती बैठकीपासून मागे मोजायची. समजा आढावा शुक्रवारी 14 तारखेला सकाळी 11 वाजता आहे. साहेबांना गुरुवारी दुपारी 4 पर्यंत पूर्ण फाइल हवी. दहा स्लाइड जोडायला, आकडे ताडायला आणि एखाद-दुसरी परत पाठवून दुरुस्त करून घ्यायला गुरुवारची सकाळ जाते. म्हणून मुदत बुधवार, दुपारी 1. "बुधवारपर्यंत" लिहिलंत तर लोक रात्री 12 धरतात आणि "लवकरात लवकर" म्हणजे कधीच नाही. दुपारची वेळ अशासाठी, की काही राहिलं असेल तर माणूस अजून जागेवर असतो.

मेल असा:

> विषय: नोव्हेंबर आढावा: तुमच्या 2 स्लाइड, बुधवार 12 नोव्हेंबर, दुपारी 1 पर्यंत
>
> सर्वांना नमस्कार,
>
> शुक्रवारच्या आढाव्यासाठी तुमच्या विभागाच्या नावाची फाइल सोबत जोडली आहे. कृपया तिच्यातच माहिती भरून बुधवार, 12 नोव्हेंबर, दुपारी 1 पर्यंत याच मेलला उत्तर म्हणून फक्त मला पाठवा.
>
> पहिली स्लाइड: ऑक्टोबरचे आकडे, दिलेल्या तक्त्यात. दुसरी: अडचणी आणि त्यावरची कारवाई, जास्तीत जास्त चार ओळी, प्रत्येकीपुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख.
>
> फाइलचं नाव, फॉन्ट आणि रंग बदलू नयेत. पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालणार नाही, कारण आकडे दुरुस्त करता येत नाहीत. फोटो असल्यास एका स्लाइडवर एकच.
>
> एखादा आकडा तोपर्यंत मिळणार नसेल तर तो रकाना रिकामा ठेवून बाकीची फाइल वेळेत पाठवावी आणि आकडा कधी मिळेल ते मेलमध्ये लिहावं. फाइल न आल्यास त्या विभागाची स्लाइड "माहिती प्रलंबित" अशी जाईल.

शेवटचं वाक्य टाकण्याआधी साहेबांना विचारून घ्या, आणि एकदा लिहिलंत की तसंच करा. त्याच्या आधीचं वाक्य मात्र जास्त कामाचं आहे. बरेचदा अख्खी फाइल एका आकड्यासाठी अडून बसलेली असते.

आठवण मंगळवारी दुपारी, तीही ज्यांची आली नाही त्यांनाच वेगळी. सगळ्यांना परत मेल टाकला की ज्यांनी वेळेत दिलं तेच वैतागतात.

फाइल आली की लगेच उघडा. View > Slide Master मध्ये डावीकडे एकापेक्षा जास्त मास्टर दिसले तर जुनी स्लाइड चिकटवली आहे. View > Outline View मध्ये शीर्षक दिसत नसेल तर ते ठरलेल्या चौकटीत नसून वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलंय. Home > Replace > Replace Fonts मध्ये फाइलमधले फॉन्ट दिसतात. मराठी मजकुरासाठी साच्यात Nirmala UI ठेवा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो, आणि नुसता फॉन्ट बदलून तो सुधारत नाही, युनिकोडमध्ये रूपांतरित करावा किंवा पुन्हा टाइप करावा लागतो.

एक्सेलचा आलेख मात्र वरवर बघून कळत नाही. तो साधा पेस्ट केला की मूळ फाइलशी जोडलेला राहतो. तुमच्याकडे दिसतो, पण Edit Data दाबलं की जोडलेली फाइल सापडत नाही. File > Info मध्ये Edit Links to Files दिसलं तर दुवा आहे असं समजा. उपाय Embed Workbook, पण त्यात अख्खी वर्कबुक स्लाइडसोबत जाते. खरेदी विभागाच्या आलेखामागे पुरवठादारांचे दर असतील तर तेही. म्हणून लागतील तेवढेच आकडे कोऱ्या एक्सेल फाइलमध्ये घेऊन आलेख तिथून बनवायला सांगा. ही सूचना सगळ्यांच्या मेलमध्ये नको, फक्त आलेख देणाऱ्यांना वेगळी पाठवा.