गुणाकाराच्या आणि घातांकाच्या सूत्रात शेकडा त्रुटी काढताना लॉग नेमके काय काम करतो

प्रश्न: साध्या दोलकावरून g काढताना आधी दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायला सांगतात. लॉग कशासाठी? आणि T² छेदात असूनही त्याची त्रुटी वजा न होता मिळवली का जाते?

उत्तर:

शेकडा त्रुटी म्हणजे राशीतील बदल भागिले ती राशी, गुणिले शंभर. नैसर्गिक लॉगचे विकलन केले की नेमके हेच भागोत्तर समोर येते, म्हणजे d(ln x) = dx/x. त्यामुळे ज्या सूत्रात फक्त गुणाकार, भागाकार आणि घात आहेत, त्याचा लॉग घेतल्यावर गुणाकाराची बेरीज होते, घातांक गुणक होऊन पुढे येतो आणि विकलनानंतर प्रत्येक पद आपोआप सापेक्ष त्रुटीच्या रूपात उभे राहते. लॉग न घेताही हेच उत्तर मिळते, पण मग g चे L च्या आणि T च्या संदर्भात वेगवेगळे विकलन करायचे, 8π²L/T³ यांसारखी पदे सांभाळायची आणि शेवटी सगळ्याला पुन्हा g ने भागायचे, एवढा खटाटोप करावा लागतो.

तुमच्याच सूत्रावर हे करून पाहू.

g = 4π²L/T²

ln g = ln(4π²) + ln L − 2 ln T

dg/g = dL/L − 2 dT/T

पहिले पद स्थिरांक असल्यामुळे विकलनात शून्य झाले, म्हणून 4π² चा त्रुटीशी काहीही संबंध उरला नाही. लांबी सेंटिमीटरमध्ये घेतली की मीटरमध्ये, यानेही फरक पडत नाही, कारण एकक बदलले तर लॉगमध्ये फक्त एक स्थिर संख्या मिळवली जाते आणि तीही विकलनात नाहीशी होते. लॉग १० या पायाचा घेतला तरी चालतो, पण तेव्हा d(log x) हे dx/x च्या सुमारे ०.४३४ पट असते. हा गुणक दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने निघून जातो. एका बाजूला एक पाया आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असे झाले, तर मात्र उत्तर चुकते.

आता वजा चिन्हाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. वरच्या तिसऱ्या ओळीतील वजा चिन्ह खरे आहे आणि त्याला ठोस अर्थ आहे: T वाढला तर g कमी येतो. ते चिन्ह कुणी पुसून टाकलेले नाही. अडचण अशी आहे की dT धन आहे की ऋण, हे आपल्याला ठाऊक नसते. स्टॉपवॉच थोडे उशिरा थांबले असेल किंवा थोडे लवकर. पट्टीवरचे वाचन किंचित जास्त घेतले गेले असेल किंवा किंचित कमी. लांबी जास्त मोजली गेली आणि काळ कमी मोजला गेला, तर दोन्ही चुका g ला एकाच दिशेने, वरच्या बाजूला ढकलतात. त्रुटीची कमाल मर्यादा सांगायची असेल, तर ही सर्वांत वाईट शक्यता धरावीच लागते. म्हणून आपण प्रत्येक पदाचे निरपेक्ष मूल्य घेऊन बेरीज करतो:

Δg/g = ΔL/L + 2 ΔT/T

येथे d आणि Δ यांतला भेद मी मुद्दाम ठेवला आहे. d हा चिन्हासह बदल आहे, तर Δ ही नेहमी धन असणारी अनिश्चिततेची मर्यादा आहे. वह्यांमध्ये ‘वजाचे अधिक केले’ एवढेच लिहिलेले दिसते, आणि त्यामुळे गणिताचा नियम मोडून काहीतरी केले आहे असा समज होतो. प्रत्यक्षात वजा चिन्हाची ओळ आणि अधिक चिन्हाची ओळ वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, दोलकाची लांबी १००.० सेंटिमीटर मोजली आणि तिच्यात ०.१ सेंटिमीटरची अनिश्चितता आहे. वीस दोलनांना ४०.१ सेकंद लागले आणि स्टॉपवॉच सुरू करताना व थांबवताना हाताला लागणारा वेळ धरून अनिश्चितता ०.२ सेकंद मानली. तर T = २.००५ सेकंद आणि g = ९.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. लांबीची शेकडा त्रुटी ०.१ आहे. काळाची त्रुटी काढताना ०.२ ला ४०.१ ने भागायचे, २.००५ ने नव्हे. कारण चूक वीस दोलनांच्या एकूण काळात झाली आहे, आणि त्या काळाला २० या अचूक संख्येने भागल्याने सापेक्ष त्रुटी बदलत नाही. ती ०.५ टक्के येते. घात २ असल्यामुळे तिचा वाटा १.० टक्के होतो, आणि एकूण १.१ टक्के. ९.८२ चे १.१ टक्के म्हणजे सुमारे ०.११, म्हणून उत्तर ९.८२ ± ०.११ असे लिहायचे.

या बेरजेचा खरा उपयोग मला उत्तरापेक्षा तिच्या पदांत जास्त वाटतो. १.१ पैकी १.० टक्का एकट्या काळातून आला आहे. तेव्हा लांबी मोजायला अधिक बारीक पट्टी शोधण्यात वेळ घालवून फारसे काही साधणार नाही. वीसऐवजी पन्नास दोलने मोजली, तर तेच ०.२ सेकंद सुमारे १०० सेकंदांवर पसरतात, काळाचा वाटा ०.४ टक्के होतो आणि एकूण त्रुटी ०.५ टक्क्यांवर येते. लॉग घेतल्यावर प्रत्येक राशीचा वाटा असा सुटा दिसतो, म्हणून हे प्रयोगाआधीच ठरवता येते.

सर्व त्रुटी एकाच वेळी वाईट दिशेला झुकतील ही शक्यता कमी असते. म्हणून त्रुटी स्वतंत्र आणि यादृच्छिक असतील, तर वाट्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात. येथे ते १.० टक्क्याच्या जवळ येते, म्हणजे फरक किरकोळ आहे. शालेय प्रयोगात कमाल त्रुटी विचारलेली असते, तेव्हा साधी बेरीजच करावी.

मात्र काही त्रुटींची दिशा माहीत असते, आणि तिथे वजा चिन्ह जपायलाच हवे. दोलक १० अंशांच्या कोनातून सोडला, तर त्याचा दोलनकाल लहान कोनासाठीच्या सूत्रापेक्षा सुमारे ०.१९ टक्के जास्त असतो. ही चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी होत नाही. काळ नेहमी जास्तच येतो. मग dg/g = −2 dT/T यावरून g सुमारे ०.३८ टक्के कमी येणार, हे निश्चित सांगता येते. अशी चूक अनिश्चिततेत मिळवायची नसते; तिची दुरुस्ती उत्तरातच करायची असते.

निरपेक्ष मूल्य घेण्याची घाई केल्याने होणारी सर्वांत मोठी गफलत मात्र दुसरीकडे आहे, आणि तिथे अनेकांचे गुण जातात. एकच राशी सूत्रात दोन ठिकाणी आली, तर आधी तिची सगळी पदे चिन्हासह एकत्र करायची आणि मगच निरपेक्ष मूल्य घ्यायचे. समांतर जोडलेल्या दोन रोधांचे उदाहरण पाहा:

R = R₁R₂/(R₁ + R₂)

ln R = ln R₁ + ln R₂ − ln(R₁ + R₂)

दोन्ही रोध १०० ओहमचे आणि प्रत्येकाची त्रुटी १ टक्का आहे असे धरू. पदांची आंधळी बेरीज केली, तर R₁ चा १, R₂ चा १ आणि बेरजेच्या पदाचा १, असे मिळून ३ टक्के येतात. पण छेदातील R₁ हा अंशातलाच R₁ आहे. तो वर जास्त आणि खाली कमी असा एकाच वेळी असू शकत नाही. dR₁ चे गुणक एकत्र केले, तर 1/R₁ − 1/(R₁ + R₂) = R₂/[R₁(R₁ + R₂)] मिळते. याचा अर्थ R₁ ची सापेक्ष त्रुटी R₂/(R₁ + R₂) पटीने, म्हणजे येथे निम्म्याने, उत्तरात उतरते. दुसऱ्या रोधाचेही तसेच. एकूण कमाल त्रुटी ०.५ + ०.५ = १ टक्का. पडताळाही सोपा आहे: दोन्ही रोध १०१ ओहम धरले, तर R = ५०.५ येतो, म्हणजे ५० पेक्षा बरोबर १ टक्का जास्त. असा टोकाची मूल्ये घालून केलेला पडताळा, लॉगची पद्धत योग्य वापरली की नाही हे लगेच दाखवतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. ln(R₁ + R₂) चे तुकडे होत नाहीत. लॉग बेरजेला फोडत नाही, म्हणून बेरीज किंवा वजाबाकी आली की ती एक राशी मानून तिची निरपेक्ष त्रुटी वेगळी काढावी लागते. तुमच्या दोलकातही L म्हणजे दोऱ्याची लांबी आणि गोळ्याची त्रिज्या यांची बेरीज आहे. तेथे आधी दोन्हींच्या निरपेक्ष त्रुटी मिळवून ΔL काढायची, मग तिला L ने भागायचे.

शेवटी या पद्धतीची मर्यादा. dx/x हे बदल लहान असतानाच खरे ठरते. एकाच दोलनाचा काळ ०.२ सेकंदांच्या अनिश्चिततेने मोजला, तर T ची त्रुटी जवळपास १० टक्के होते आणि सूत्र g साठी काळाचा वाटा २० टक्के सांगते. प्रत्यक्ष आकडे घातले, तर T १० टक्क्यांनी जास्त असताना g सुमारे १७.४ टक्के कमी येतो, आणि T १० टक्क्यांनी कमी असताना g सुमारे २३.५ टक्के जास्त येतो. दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत. लॉगचे मूळ समीकरण मात्र येथेही अचूक असते. Ln g मधला बदल −2 ln 1.1 किंवा −2 ln 0.9 एवढाच असतो. चूक होते ती ln 1.1 ऐवजी ०.१ लिहिल्यामुळे, कारण त्याची खरी किंमत ०.०९५३ आहे. म्हणून एखाद्या राशीची त्रुटी गुणिले तिचा घात हे दहा टक्क्यांच्या पुढे जात असेल, तर विकलन सोडून टोकाच्या किमती थेट सूत्रात घालाव्यात आणि वरची व खालची मर्यादा वेगवेगळी लिहावी, असे मी सुचवेन.