आवाज भावाचाच होता, तरी पैसे पाठवायचे का?

प्रश्न: माझा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. आई दापोलीजवळ गावी एकटी असते. परवा तिला भावाच्या आवाजात फोन आला: "पोर्टवर अडकलोय, एजंटाला ८५ हजार लगेच पाठव, ताईला सांगू नको." आईने पाठवले नाहीत, पण आवाज शंभर टक्के त्याचाच होता असं ती म्हणते. असं होऊ शकतं का? पुढच्या वेळी ओळखायचं कसं? पैसे गेले नाहीत, तरी तक्रार करायची का?

उत्तर: होऊ शकतं. मी किनाऱ्यालगतच्या एका गावात बँकेच्या शाखेत काम करतो. आमच्या खातेदारांत जहाजावरच्या पोरांची घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे हा विषय काउंटरवर वरचेवर निघतो.

आधी आवाजाचं. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी व्हॅल-ई नावाचं मॉडेल मांडलं. इंग्रजीत का होईना, तीन सेकंदांच्या नमुन्यावरून ते माणसाचा आवाज उभा करत होतं. त्यानंतर ही साधनं स्वस्त होत गेली. तुमच्या भावाने जहाजाच्या डेकवरून टाकलेलं एखादं रील, गणपतीत आरती म्हणतानाचा व्हिडिओ किंवा ग्रुपमध्ये फिरलेला व्हॉइस मेसेज एवढा नमुना पुरतो. आवाज हा काही पिनसारखा गुपित ठेवायचा आकडा नाही. ज्याने ज्याने तो ऐकला, रेकॉर्ड केला, त्याच्याकडे तो आहेच.

मात्र आईला आलेला आवाज यंत्राचाच होता असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हा प्रकार अशा मॉडेलांच्या आधीपासून चालत आलाय. खरखरती लाइन, रडवेला आवाज, "आई, मी बोलतोय." घाबरलेली आई म्हणते, "कोण, बंड्या?" झालं, नाव तिनेच पुरवलं आणि उरलेला आवाज तिच्या कानाने पुरा केला. शिवाय साध्या फोन लाइनवरून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. नकली आवाजातल्या बारीक चुका ज्या वरच्या पट्टीत सापडायच्या, ती पट्टी आईपर्यंत पोचतच नाही. म्हणून "श्वास ऐकू येतो का बघा, आवाज यांत्रिक वाटतो का बघा" असे सल्ले मी कुणाला देत नाही.

"त्याला आपल्या बोलीत बोलायला लावा" हा सल्लाही तसाच. मजकूर टाइप करून आवाज काढणारं साधन बोलीत अडखळेल, ते खरं. पण दुसऱ्या प्रकारात समोरचा माणूस स्वतः बोलतो आणि त्याच्या आवाजाचा पोत तेवढा बदलला जातो. तो माणूस इकडचा असेल, तर बोलीही इकडचीच निघेल.

व्हिडिओ कॉलचंही तेच. जुलै २०२३ मध्ये कोळिकोडच्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याच्या चेहऱ्याने थोडा वेळ व्हिडिओ कॉल आला. नातलगाच्या ऑपरेशनसाठी म्हणून त्यांनी ४० हजार पाठवले. चेहरा बघून त्यांना संशय आलाच नाही. पुन्हा पैशांची मागणी झाली तेव्हा तो आला, आणि खऱ्या सहकाऱ्याला फोन केल्यावर उलगडा झाला.

म्हणून मी घरच्यांना सांगतो, बोलणारा कोण हे ठरवत बसू नका. पैसे कुठे जाणार ते बघा.

आईच्या फोनमध्ये भावाचं स्वतःचं खातं आधीपासून नोंदलेलं असेल. नसेल तर भाऊ सुट्टीवर येईल तेव्हा समोर बसून नोंदवा आणि एक रुपया पाठवून बघा. मग घरात एकच नियम: भावाच्या नावाने कुणीही कितीही मागितले, तरी पैसे जातील ते फक्त त्याच खात्यात. फोन खरा असेल तर पैसे त्याला मिळतीलच. फोन खोटा असेल तरीही ते भावाच्याच खात्यात पडून राहतील. ठगाला यातून काहीच मिळत नाही, त्यामुळे तो इथेच अडून बसतो. "माझं खातं बंद पडलंय, एजंटाच्या नंबरवर टाक" हे वाक्य आलं की आईने तिथेच थांबायचं. युपीआयवर पिन टाकण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तिथे भलतंच नाव असेल, तर ते बहुधा भाड्याने घेतलेलं खातं असतं. पिन टाकला की बँकेच्या लेखी तो तुमच्या संमतीने झालेला व्यवहार. मी काउंटरवरून तो परत फिरवू शकत नाही.

आता जहाजाची खास अडचण. नेहमीचा सल्ला असतो की फोन ठेवा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावा. सल्ला बरोबर आहे, पण भाऊ भर समुद्रात असेल तर लागणार कुठे? हल्ली बऱ्याच जहाजांवर इंटरनेट असतं, तरी ते हवं तेव्हा मिळेलच असं नाही, आणि ठगांना हे ठाऊक आहे. अशा वेळी भावाला ज्या कंपनीने जहाजावर पाठवलं, तिच्या मुंबईतल्या ऑफिसला फोन लावायचा. सरकारच्या डीजी शिपिंग खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना असलेली ही कंपनी असते. तिचा नंबर आणि जहाजाचं नाव भावाच्या करारपत्रावर सापडेल. तो कागद आईच्या कपाटात आणि त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये असू द्या. त्या ऑफिसला जहाज आत्ता कुठे आहे हे माहीत असतं. "पोर्टवर अडकलोय" म्हणणाऱ्या भावाचं जहाज समुद्रात निघालं, तर प्रश्नच मिटला. खलाशाला मायदेशी आणण्याचा खर्चही जहाजमालकाचा, त्याच्या घरच्यांचा नाही; २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारातच तसं आहे.

ऑफिस बंद, रात्रीचे दोन वाजलेत, तर? तेव्हा घरातला प्रश्न कामाला येतो. २०२४ मध्ये फेरारी कंपनीच्या एका अधिकाऱ्याला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या आवाजात फोन आला होता. "परवा तुम्ही मला कोणतं पुस्तक सुचवलंत?" असं त्याने विचारलं आणि पलीकडून फोन कट झाला. प्रश्न असा निवडा की उत्तर गावाला किंवा फेसबुकला माहीत नसेल. कुलदैवत, जन्मतारीख, शाळेचं नाव हे बाद. गेल्या सुट्टीत भावाच्या हातून घरातलं काय फुटलं, असलं काहीतरी चालेल. "आत्ता हे काय विचारतेस, मी इथे मरतोय!" असं ऐकू आलं, तर उत्तर आलं नाही एवढंच धरायचं. हे भावाशी आधी बोलून ठेवा, नाहीतर खरोखर अडचणीत असताना तो आईवर चिडेल.

"ताईला सांगू नको" हे ऐकूनही आई थांबली, याचं मला विशेष वाटतं. तिथेच बहुतेक जण फसतात.

तक्रार जरूर करा. पैसे गेले नसतील तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे तो नंबर, वेळ आणि काय मागितलं ते नोंदवा. पैसे गेलेच असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा होता, व्यवहाराचा युटीआर क्रमांक हाताशी ठेवून. मग ज्या खात्यात रक्कम गेली ते गोठवायची धडपड सुरू होते, आणि ती रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत जमलं तरच हाती काही लागतं. उद्या बँकेत बस पकडून जाऊ, असं करून चालत नाही.