शेठने उत्तर दिलं नाही, तेव्हा

‘मॅडम, एका कारखानदाराला कामाचं कोटेशन पाठवून आठवडा झाला. मेसेज बघितल्याची निळी खूण दिसते, पण उत्तर नाही. पुन्हा विचारावं तर लाचारी वाटते, गप्प राहावं तर काम हातचं जाईल. काय लिहू?’

हाच प्रश्न घेऊन एक मुलगी जानेवारीत माझ्याकडे आली होती. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकीकत सांगते. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यात आहे.

वय सव्वीस. विक्रीच्या मालाचे फोटो काढायचं काम ती स्वतंत्रपणे करते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथल्या शेठनी तिला बोलावून घेतलं, चाळीस नमुने दाखवले आणि म्हणाले, ‘मार्चमध्ये प्रदर्शन आहे, त्याआधी कॅटलॉग पाहिजे. कोटेशन पाठवा.’ तिने १० जानेवारीला ५२,००० रुपयांचं कोटेशन मेल केलं आणि व्हॉट्सॲपवर ‘सर, मेल पाठवला आहे’ एवढं कळवलं. १७ तारखेला ती माझ्यासमोर बसली, तेव्हा फोनच्या नोंदवहीत अकरा मसुदे होते. एकही पाठवलेला नव्हता.

मी ते सगळे वाचायला मागितले. न पाठवलेल्या मसुद्यांत माणसाची भीती जशी दिसते, तशी बोलण्यात दिसत नाही. पहिल्या चारांची सुरुवात ‘सॉरी, त्रास देते’ अशी होती. सातव्यात राग होता: ‘नको असेल तर निदान तसं सांगायची पद्धत असते.’ आणि नवव्यात लिहिलं होतं, ‘सर, रेट जास्त वाटत असेल तर ४०,००० मध्येही करून देईन.’

नवव्यापाशी मी थांबले. शेठ महाग म्हणाले होते का? नाही. मग बारा हजार कुणाला सोडले? ती गप्प राहिली. आम्ही कागदावर हिशोब मांडला. लाइटचं भाडं आणि मदतनीस मिळून १२,००० जाणार. उरलेले ४०,००० हे तिच्या सोळा दिवसांचे, तीन दिवस शूटिंग आणि तेरा दिवस एडिटिंग. म्हणजे दिवसाला अडीच हजार. किंमत चाळीसवर आणली की खर्च तेवढाच राहतो आणि हातात २८,००० उरतात, दिवसाला साडेसतराशे. समोरच्याने तोंड उघडण्याआधीच तिने स्वतःची मजुरी कापली होती. शिवाय आठवड्यात दर असा उतरला, तर पहिला आकडा फुगवलेला होता असंच समोरच्याला वाटतं.

मग मी तिला कागदाचे दोन भाग करायला सांगितले. एका बाजूला घडलेलं, दुसऱ्या बाजूला मनाने ठरवलेलं. दुसरी बाजू भराभर भरली: काम आवडलं नाही, दुसरीला दिलं, मुलगी म्हणून हलक्यात घेतलं. पहिल्या बाजूला दोनच ओळी आल्या: ‘१० तारखेला मेल केला. व्हॉट्सॲपवर निळी खूण आली.’ निळ्या खुणेचा अर्थ एवढाच, की ‘मेल पाठवला आहे’ हे वाक्य वाचलं गेलं. कोटेशन उघडलं का, हे ती खूण सांगत नाही.

आणि ते सात दिवस कोणते होते? गड्ड्याचे. सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी. गावात वाढलेल्या मुलीला हे सांगायची गरज नव्हती. तरी शेठच्या गप्प राहण्याचा आणि यात्रेचा संबंध तिने मनात जोडलाच नव्हता. तिला मी त्यांच्या ऑफिसचे कामाचे दिवस मोजायला लावले. यात्रेचे दिवस आणि साप्ताहिक सुट्टी वगळली तर जेमतेम तीन. ती ज्याला आठवडा म्हणत होती, तो शेठच्या ऑफिसात तीनच दिवसांचा होता.

यानंतर मी तिला तिने स्वतः कधीच न केलेली गोष्ट करायला सांगितली. तो मेल माझ्या पत्त्यावर जसाच्या तसा पाठव. मी माझ्या फोनवर तो उघडला. नमुन्याच्या फोटोंमुळे तिची पीडीएफ ३४ एमबीची झाली होती. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली जात नाही, तिची ड्राइव्हवरची लिंक होते. पाठवताना परवानगीचा प्रश्न येतो, तो तिने घाईत नीट न वाचता पुढे ढकलला होता. माझ्या फोनवर लिंक दाबली तर कोटेशनऐवजी परवानगी मागण्याचं पान आलं. शेठनी लिंक दाबली असेल तर त्यांनाही तेच दिसलं असणार, आणि भर यात्रेत परवानगी मागत कोण बसतं?

तिचा चेहरा उतरला. पण माझ्या दृष्टीने ही चांगली बातमी होती, कारण आता लिहायला खरं कारण होतं. तुम्हीही काही लिहिण्याआधी हे तपासाच. आपलं कोटेशन दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या खात्यावरून उघडून बघा. आपल्याला आपली फाइल नेहमीच दिसते, म्हणून ही चूक स्वतःच्या फोनवर कधीच सापडत नाही.

मजकूर लिहायला घेतला, तर बोटं पुन्हा ‘सॉरी, त्रास देते’वरच गेली. म्हणून मी विचारलं, ‘मागायला जाणं म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?’ बराच वेळ गेला. मग तिने वडिलांचं सांगितलं. ते यंत्रमागावर कामाला होते. घरात आजारपण आलं, शाळेची फी आली, की उचल मागायला मालकाच्या दारात उभे राहायचे. लहानपणी ती त्यांच्यासोबत एकदा गेली होती. मालक आत हिशोब करत होते, वडील चपला बाहेर काढून तासभर उभे. ‘मॅडम, शेठना मेसेज टाइप करताना मला तो दरवाजा दिसतो,’ ती म्हणाली.

त्या दिवशीचं आमचं खरं काम हेच होतं. उचल मागणारा माणूस केलेल्या नाही, पुढच्या कष्टावर पैसे मागतो, आणि देणं न देणं मालकाच्या मर्जीवर असतं. त्या उभं राहण्यातही लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, हे मी तिला सांगितलं आणि मनापासून सांगितलं. पण तिचा प्रसंग वेगळा होता. इथे बोलावणं शेठकडून आलं होतं. प्रदर्शन त्यांचं, गरज त्यांची, ‘कोटेशन पाठवा’ हे शब्दही त्यांचेच. त्यांनी सुरू केलेलं बोलणं ती पुढे नेत होती. हे वाक्य तिने कागदावर लिहून घेतलं, आणि मगच आम्ही बारावा मसुदा केला:

‘नमस्कार सर. टॉवेल कॅटलॉगचं कोटेशन १० तारखेला मेल केलं होतं. त्यातली लिंक उघडायला परवानगी लागत होती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. माझी चूक. दोन पानांची हलकी पीडीएफ इथेच जोडली आहे. मार्चच्या प्रदर्शनाआधी कॅटलॉग हवा असेल तर शूटिंग ५ फेब्रुवारीला सुरू करावं लागेल. लाइट भाड्याने घ्यायचे असल्याने ३० जानेवारीपर्यंत कळलं तर बरं होईल. हे काम करायचं, की यंदा थांबायचं? एका शब्दात कळवलंत तरी चालेल.’

यात चूक एकदाच कबूल केली आहे, ती खरी आहे, आणि ती जिथे दुरुस्त केली तिथेच सांगितली आहे. अस्तित्वाबद्दलची माफी कुठे नाही. किमतीचा उल्लेख नाही. शेवटचा प्रश्न असा आहे की उभ्या उभ्या उत्तर देता यावं. ‘तुमचे विचार कळवा’ असं लिहिलं की समोरच्याला आधी विचार करावा लागतो, मग ते उद्यावर जातं. आणि ‘थांबायचं’ हा पर्याय आपणच पुढे ठेवल्याने नकार द्यायला अवघडलेला माणूसही बोलतो. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं अनेकांना जड जातं, म्हणून ते गप्प राहतात.

३० तारखेवर मी अडून बसले होते. ती आधी ‘ऑफर तीनच दिवस’ असं लिहिणार होती. तसं काही नव्हतं. ५ तारीख मात्र हिशोबातून आली होती: सोळा दिवसांचं काम, मग छपाई, आणि समोर मार्च. तारखेमागे खरं कारण नसेल तर ती घालू नये. ती उलटून गेल्यावरही आपण काम घेतलं, की आपल्या पुढच्या तारखांना किंमत उरत नाही.

१९ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास तिने मेसेज पाठवला. पाठवल्यावर संवाद अर्काइव्हमध्ये टाकायचा आणि डायरीत २७ जानेवारी लिहून ठेवायचं, त्याआधी पुन्हा विचारायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. पहिला दिवस तिला फार कठीण गेला. रात्री वडिलांनी विचारलं, ‘काय करायलीस गं एवढा वेळ फोनमध्ये?’ तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं, दरवाज्याचंही. ते काय म्हणाले, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

२१ तारखेला शेठचं उत्तर आलं: ‘भाचा बघतो हे. त्याला देतो.’ सोबत भाच्याचा नंबर. म्हणजे इतके दिवस कोटेशन निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत पोहोचलंच नव्हतं. तिने त्याच दिवशी भाच्याला पीडीएफ पाठवली, आणि २७ तारखेला दोन ओळी: ‘५ तारखेच्या शूटिंगसाठी लाइट सांगायचे आहेत. ठरवायचं का?’ २९ ला भाच्याने कळवलं, बजेट कमी आहे, वीसच नमुने करू.

आता किंमत बोलायची वेळ आली होती, कारण आता ती समोरून विचारली गेली होती. नमुने निम्मे झाले म्हणून पैसे निम्मे होत नाहीत. सामान नेणं, मांडणी, पहिल्या दिवसाची जुळवाजुळव तेवढीच राहते. तिने ३१,००० सांगितले आणि का, ते एका वाक्यात लिहिलं. भाच्याने घासाघीस केली, ती हलली नाही. २ फेब्रुवारीला निम्मी रक्कम, १५,५०० रुपये, खात्यावर आली.

तुमच्या बाबतीत असं उत्तर येईलच असं नाही. याच मुलीने मार्चमध्ये आणखी एका ठिकाणी कोटेशन दिलं होतं. तिथे फाइल नीट पोहोचली होती, माणूसही योग्य होता. आठवड्याने पहिला मेसेज, त्यानंतर दहा दिवसांनी दुसरा, तरी शब्द नाही. आणखी दोन आठवड्यांनी तिने तिसरा पाठवला: ‘हे काम सध्या होत नाही असं धरून मी नोंद बंद करते. पुढे गरज लागली तर नव्या तारखेचं कोटेशन देईन.’ उत्तर आलं नाही. तिने वहीतल्या त्या नावावर रेघ मारली आणि ते राखलेले दिवस दुसऱ्या कामाला दिले.