धनको दोन, मत एकालाच

«बातमीत ‘ऑपरेशनल क्रेडिटर’ला ‘कार्यरत कर्जदार’ म्हटलंय. हे बरोबर आहे का? ‘फायनान्शियल क्रेडिटर’ आणि हा यांत नेमका फरक काय, आणि धनकोंच्या समितीत मत दोघांनाही असतं ना?»

‘कार्यरत कर्जदार’ दोन्ही बाजूंनी चुकलंय. कर्जदार म्हणजे कर्ज घेणारा. इथे तर ज्याचे पैसे अडकलेत तो माणूस आहे, म्हणजे धनको. आणि तो ‘कार्यरत’ नाही, त्याचं येणं कंपनीच्या रोजच्या कामकाजातून आलंय एवढंच. सरकारी मराठीत ‘परिचालन धनको’ चालतं. बोलताना मी ‘कर्जाचा धनको’ आणि ‘उधारीचा धनको’ म्हणतो, कारण ऐकताक्षणी अर्थ कळतो. मात्र ‘उधारी’ सगळीकडे पुरत नाही: कामगारांचा थकलेला पगार आणि सरकारचा कर हीही 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत परिचालन देणीच आहेत.

फरक माणसाचा नाही, येण्याचा आहे. ‘पैशाच्या कालमूल्याच्या मोबदल्यात’ रक्कम दिली असेल तर ते वित्तीय देणं. म्हणजे पैसे वापरायला दिले आणि त्या वापराच्या काळाची किंमत मागितली. माल दिला किंवा सेवा दिली आणि बिल थकलं, तर ते परिचालन देणं. इथे बरेच पुरवठादार फसतात. माझा एक मित्र खोक्यांचा पुरवठा करतो. त्याच्या बिलाखाली ‘उशीर झाल्यास 18 टक्के व्याज’ छापलेलं होतं, म्हणून त्याने आपला दावा फॉर्म सी म्हणजे वित्तीय धनकोच्या फॉर्मवर भरला. दावा परत आला आणि फॉर्म बी भरावा लागला. थकलेल्या बिलावर व्याज लावलं म्हणून बिलाचं कर्ज होत नाही. उलट फ्लॅटचं बुकिंग केलेला माणूस बँक नसूनही वित्तीय धनको आहे, कारण 2018 च्या दुरुस्तीने त्याच्या आगाऊ रकमेला कर्जाचं स्वरूप मानलं.

आता मताचं. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की तिचं पुढे काय करायचं ते धनकोंची समिती ठरवते. या समितीत फक्त वित्तीय धनको बसतात, आणि मत डोक्यावर नाही, रकमेवर मोजतात. समजा चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीवर बँकेचे 60 कोटी, एका वित्तसंस्थेचे 25 कोटी, डिबेंचरधारकांचे 15 कोटी आणि पुरवठादारांचे 40 कोटी थकले आहेत. मतं झाली 60, 25 आणि 15 टक्के. पुरवठादारांचे 40 कोटी या हिशेबात धरतच नाहीत. साध्या ठरावाला 51 टक्के पुरतात, म्हणून ते बँक एकटीच करू शकते. पुनरुज्जीवनाची योजना मंजूर करायला मात्र 66 टक्के लागतात. बँकेला कुणाला तरी सोबत घ्यावंच लागेल, आणि बाकी दोघे एकत्र आले तर योजना अडवू शकतात. (2018 पूर्वी ही मर्यादा 75 टक्के होती.) मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने 20 कोटींचं कर्ज दिलं असेल तर ती संबंधित व्यक्ती ठरते: तिला मत नाही आणि टक्केवारी काढताना ती रकमेत धरायचीही नाही. नाही तर मालकच मागच्या दाराने समितीत घुसेल.

पुरवठादारांना खोलीत यायला मिळतं, त्यांचं एकूण येणं सगळ्या देण्याच्या किमान 10 टक्के असेल तर. इथे 140 पैकी 40 आहेत, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी बैठकीत बसेल, बोलेलही, पण मत देणार नाही. ‘उपस्थित’ आणि ‘सदस्य’ हे शब्द बातम्यांत अदलाबदल होतात ते इथेच. एक अपवाद आहे: वित्तीय धनको एकही नसेल, तर परिचालन धनकोंपैकी सर्वांत मोठ्या 18 जणांची समिती बनते, शिवाय कामगारांचा आणि कर्मचाऱ्यांचा एकेक प्रतिनिधी.

मत नसलं तरी संहितेने एक किमान रक्कम राखलीय: परिसमापन झालं असतं, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकली असती, तर कायद्याने ठरवलेल्या वाटपाच्या उतरंडीत जे वाट्याला आलं असतं ते, किंवा योजनेची रक्कम त्याच उतरंडीने वाटली असती तर जे आलं असतं ते, यांतलं जे जास्त तेवढं तरी द्यायचं. पण त्या उतरंडीत पुरवठादार फार खाली. वरच्या कंपनीची मालमत्ता विकून 50 कोटी आले आणि बँकेचे 60 कोटी तारणाचे असले, तर प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि बँक यांच्यातच पैसे संपतील. योजनेची रक्कमही एवढीच असेल तर किमान रक्कम शून्य निघते. एस्सार स्टीलच्या प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने दोन्ही प्रकारच्या धनकोंना सारख्या प्रमाणात पैसे द्यायला सांगितलं होतं. 15 नोव्हेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला: वाटपाचा व्यावहारिक निर्णय समितीचा, किमान रक्कम पाळली की झालं.

तेव्हा बातमीत ‘धनकोंनी योजना मंजूर केली’ असं वाचलंत, तर तिथे ‘वित्तीय’ हा शब्द गाळलाय असं समजा.