जाड ॲल्युमिनियमचं भांडं महाग का, आणि ते सारखं का तापतं?

प्रश्न: दोन्ही पातेली ॲल्युमिनियमची, मापही एकच. तरी जाड पातेल्याची किंमत जवळजवळ दुप्पट. दुकानदार म्हणतो की ते 'सगळीकडे सारखं तापतं'. यात तथ्य आहे की विकण्यासाठी सांगतात?

उत्तर:

तथ्य आहे. मी भांडी विकतो आणि हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किमतीचा मोठा भाग वजनाचा असतो. २४ सेंटिमीटर व्यासाचं, १० सेंटिमीटर उंचीचं, सरळ कडांचं पातेलं घ्या. तळ आणि कडा मिळून साधारण १२०० चौरस सेंटिमीटर पत्रा लागतो. ॲल्युमिनियमच्या एका घन सेंटिमीटरचं वजन २.७ ग्रॅम, म्हणजे पत्र्याच्या दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ३२५ ग्रॅम धातू. २ मिलिमीटरचं पातेलं ६५० ग्रॅम भरेल आणि ४ मिलिमीटरचं १३०० ग्रॅम. धातूच दुप्पट लागला, तर धातूचा खर्चही दुप्पट होणारच. शिवाय जाड पत्रा दाबून आकार द्यायला जास्त ताकदीचा प्रेस लागतो. मजुरी, पॅकिंग, झाकण मात्र जाडीच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे किंमत नेमकी दुप्पट होईलच असं नाही.

आता सारखं तापण्याबद्दल. गॅसची ज्योत पूर्ण तळाला लागत नाही, बर्नरच्या आकाराच्या एका कड्यालाच ती जोरात भिडते. त्या कड्यातली उष्णता तळाच्या मध्याकडे आणि काठाकडे पोचायची तर तिला धातूतून आडवं जावं लागतं, आणि जाण्यासाठी जागा असते ती फक्त पत्र्याच्या जाडीएवढी. जाडी दुप्पट केली की तापमानात तेवढाच फरक असताना दुप्पट उष्णता बाजूला सरकते. म्हणून कड्यावरची जागा आणि तिच्या आजूबाजूची जागा यांतला फरक बराच कमी होतो. ॲल्युमिनियम मुळात उष्णता फार चांगली वाहून नेतं, स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून जास्त, तरी पत्रा फार पातळ असेल तर या गुणाचा फायदा अर्धवटच मिळतो. घट्ट पदार्थ शिजवताना हे लगेच कळतं. पातळ भांड्यात तो ज्योतीच्या कड्यावर गोल रेषेत लागतो आणि बाकी तळ ठीक राहतो.

हे घरीही पाहता येतं. कोरड्या भांड्याच्या तळाला कोरड्या पिठाचा पातळ, एकसारखा थर पसरा आणि मंद आचेवर ठेवा. नॉनस्टिक भांड्यावर हे करू नका, रिकामं तापवलं की लेप खराब होऊ शकतो. पातळ भांड्यात बर्नरच्या कड्याचा आकार आधी तांबूस होईल, जाड भांड्यात रंग बराच पसरून येईल. पीठ करपण्याआधी गॅस बंद करा.

पातळ पत्र्याचा आणखी एक त्रास असतो. कडं जास्त तापून प्रसरण पावतं, आजूबाजूचा थंड भाग त्याला अडवतो, आणि तळाला पोक येतं. एकदा तळ डुगडुगू लागला की तो ओट्यावर नीट बसत नाही आणि आच आणखी असमान लागते. जाड तळ सहसा वाकत नाही.

पण सगळ्याच कामाला जाड भांडं लागतं असं नाही. पाणी उकळायचं असेल तर पाणी स्वतःच खालीवर फिरून उष्णता पसरवतं, तिथे जाडीचा फायदा जवळजवळ नाही. उलट वरच्या हिशेबातला जादा ६५० ग्रॅम धातू तापवायला साधारण १४० मिलिलिटर पाणी तितकंच तापवण्याएवढी उष्णता जाते. जाड भांडं तापायला थोडा वेळ घेतं आणि गॅस बंद केल्यावरही शिजवत राहतं, म्हणून पदार्थ जरा आधी उतरवावा लागतो.

खरेदी करताना काठावरून जाडी ठरवू नका. काठ बहुतेक वेळा मुडपलेला असतो, त्यामुळे पातळ पत्राही तिथे जाड दिसतो. वजन पाहा: वरच्याच मापाचं पातेलं असेल तर झाकण बाजूला ठेवून वजन ग्रॅममध्ये घ्या आणि ३२५ ने भागा, सरासरी जाडी मिलिमीटरमध्ये मिळेल. हँडल किंवा कान जड असतील तर उत्तर थोडं फुगेल. दुकानदार गेज सांगत असेल तर लक्षात ठेवा की आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड: ब्रिटिश मापात १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर आणि ८ गेज म्हणजे सुमारे ४.

माझं मत विचाराल तर, परतण्यासाठी आणि दूध किंवा घट्ट पदार्थ आटवण्यासाठी ३ मिलिमीटरच्या वरचं एक भांडं घ्या. पाणी तापवायला आणि भाज्या उकडायला पातळ पुरेल.