पंचाहत्तरीची तारीख आणि गप्प बसलेला ग्रुप

*"ताई, डिसेंबरच्या शेवटी सासूबाईंची पंचाहत्तरी नाशिकलाच करायची आहे. घरचीच मंडळी, नऊ घरं, ग्रुपवर चौतीस जण. मोठे दीर अंबडला कारखान्यात आहेत, थोरल्या काकांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, नणंद संभाजीनगरला, दोन घरं ठाणे-डोंबिवलीला, एक पुण्यात, बाकीची इथलीच. 'कुणाला कधी जमेल?' असं मी तीनदा विचारलं. अंगठे आले, हात जोडलेले आले, काकांचं 'तुम्ही ठरवा, आम्ही आहोतच' आलं. तारीख कुणीच सांगितली नाही. शेवटी मीच एक दिवस धरून हॉलची चौकशी केली, तर त्याच संध्याकाळी दोन घरांनी 'त्या दिवशी नाही जमायचं' म्हणून कळवलं. हे म्हणतात, सोडून दे. काय करू?"*
*– गंगापूर रोडची एक सूनबाई*

सोडू नका. माणसं यायला तयार आहेत, घोडं अडलंय ते प्रश्नापाशी. चौतीस जणांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बोलेल. त्यात आपल्याकडे मान आड येतो. थोरल्या काकांनी काही सांगितल्याशिवाय पुतण्या तारीख सुचवत नाही, आणि मोठ्या जावेच्या आधी धाकटी जाऊ 'आम्हाला एकोणीस चालेल' असं लिहीत नाही. काका मात्र 'तुम्ही ठरवा' म्हणतात, कारण आपल्या सोयीसाठी सगळ्यांना वळवावं हे त्यांना बरं वाटत नाही. धाकटे थोरल्यांची वाट पाहतात आणि थोरले धाकट्यांची. चौथ्यांदा विचारून हे सुटणार नाही. आधी फोन करावे लागतील.

ज्यांच्याशिवाय कार्यक्रम होऊच शकत नाही अशी माणसं ठरवा. माझ्या मते ती तीनच: दीर, नणंद आणि काका. या तिघांशी ग्रुपवर एक अक्षरही न लिहिता बोला. काकांना फोन तुम्ही करू नका, सासूबाईंना करू द्या. पुतणसुनेला ते 'तुम्ही ठरवा'च म्हणतील. वहिनींनी 'भाऊजी, मला तुम्ही हवेच आहात, कोणता दिवस नको ते सांगा' असं विचारलं की खरं उत्तर देतील. कोणता दिवस नको, हेच विचारायचं. नको असलेला दिवस माणसाला लगेच सांगता येतो.

काका कदाचित म्हणतील, आज कसं सांगू? ती टाळाटाळ समजू नका. ऑक्टोबरमध्ये छाटणी झालेल्या बागेत डिसेंबरला घड वाढत असतात. त्यात अवकाळी आला तर लगेच फवारणी करावी लागते, मग बागेतून पाय निघत नाही. असा शब्द दोन महिने आधी कुणी शेतकरी देऊ शकत नाही. तेव्हा 'पाऊस नसेल तर नक्की' हेच त्यांचं उत्तर धरा आणि पाऊस आलाच तर बागेत कोण थांबेल, ते आत्ताच विचारून ठेवा.

दिरांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते तेही बघा. शनिवारी असेल, तर रविवार त्यांना रजा टाकूनच मिळणार, आणि रजा मिळायची तर शिफ्टचा तक्ता लागायच्या आधी साहेबांना सांगावं लागतं.

समजा, या फोनांनंतर शनिवार १९, शनिवार २६ आणि रविवार २७ डिसेंबर एवढेच दिवस उरले. तीन पुरेत. आता ग्रुपवर या, पण पहिला शब्द सासूबाईंचा असू द्या. त्यांच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप: 'मला तुम्ही सगळे हवे आहात, खाली सूनबाईने तारखा दिल्यात, आपापल्या घरचं सांगा.' त्यांनी सांगितल्यावर धाकट्यांना उत्तर देण्यात अवघडल्यासारखं होणार नाही.

त्याखाली व्हॉट्सअ‍ॅपचा पोल टाका. 'खाली नाव लिहून पुढे पाठवा' अशी यादी नको. दोघांनी एकाच वेळी जुनी यादी उचलून आपापलं नाव घातलं की दोन याद्या फिरायला लागतात आणि एकाचं नाव दुसरीत नसतंच. पोलचा मजकूर असा ठेवा:

'आईंच्या पंचाहत्तरीला तुमच्या घराला ज्या ज्या दिवशी येता येईल, त्या सगळ्या दिवसांवर टिक करा. घरातून एकानेच. रविवारी रात्री ९ पर्यंत.'

पर्याय चार: ते तीन दिवस आणि चौथा 'यापैकी एकही नाही'. हा चौथा गाळू नका. तो नसला तर ज्याला एकही दिवस जमत नाही तो काहीच करत नाही, आणि ज्याने पाहिलंच नाही तोही काहीच करत नाही. तुम्हाला दोघं सारखेच दिसतात.

पोल बनवताना 'Allow multiple answers' चालू आहे ना, ते पाहा. प्रश्नही 'कोणता दिवस हवा?' असा नको. तसं विचारलं की जो तो आपल्या आवडीच्या एका दिवसावर बोट ठेवतो आणि उरलेले दोन जमतात की नाही ते कळतच नाही. तुम्हाला आवड मोजायची नाही, कोण कधी मोकळं आहे ते जाणून घ्यायचं आहे.

'घरातून एकानेच' म्हटलंत तरी तो एक कोण, हे तुम्हीच ठरवा. ज्याला घरातल्या परीक्षा, शिफ्ट, लग्नपत्रिका सगळं ठाऊक असतं तो माणूस बहुतेक घरांत काकू किंवा वहिनी असते. अशा नऊ जणांना पोलखाली @ लावून नावाने हाक मारा.

रविवारी रात्री 'View votes' उघडा. कुणी कशावर टिक केलंय ते नावानिशी दिसतं. जी घरं दिसत नाहीत त्यांना ग्रुपवर टोकू नका, चारचौघांत टोकलं की माणूस आणखी गप्प होतो. सोमवारी सरळ फोन करा.

आता निकाल असा आला समजा: १९ ला पाच घरं, २६ ला सात, २७ लाही सात. १९ गेला. २६ हा चौथा शनिवार, बँकेतल्यांना सुट्टी. पण पुण्याचं आणि ठाण्याचं घर त्या दिवशी कामावर. २७ ला डोंबिवलीचे एका लग्नात अडकलेले आणि इथल्याच एका चुलत दिरांची ड्युटी. इथे पुन्हा पोल टाकायचा मोह आवरा. नवा पोल आला की आधी हो म्हणालेली सात घरंही परत विचारात पडतात. फक्त या चार घरांना फोन करा: 'एवढी रजा मिळेल का? निदान जेवायच्या वेळेपर्यंत पोहोचाल का?' ठाणे म्हणालं, शनिवारची रजा टाकतो, तर २६ ला आठ घरं झाली. झाली तारीख पक्की. नऊच्या नऊ घरं जुळणं कठीण असतं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी दारात उभ्या राहून पुण्याच्या गाडीची वाट पाहणार नाहीत.

तारीख जाहीर करताना 'ठरवू या का?' असं विचारू नका. 'शनिवार, २६ डिसेंबर, दुपारी १२ ला, आठ घरं येणार' असं लिहा आणि तो मेसेज ग्रुपवर पिन करा. त्यानंतर कुणी '२७ केला असतात तर?' म्हणालं, तर त्यांना वेगळं, प्रेमाने सांगा की हॉल ठरलाय आणि संध्याकाळी उशिरा आलात तरी पान वाढून ठेवू.

हे सगळं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकायला हवं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधीच खुलतं, म्हणजे २६ डिसेंबरचं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. ठाणे-डोंबिवलीची मंडळी सकाळी तपोवनने येऊन संध्याकाळच्या तपोवनने परत जाऊ शकतात, पण नाताळच्या सुट्ट्यांत ती गाडी भरलेली असते. तेव्हा तारीख पक्की झाली की त्या दोन घरांना तिकिटाचा दिवसही कळवून टाका.