आत्यांना काय सांगायचं आणि दुपारचे तीन तास कसे राखायचे

"पुण्याहून परत येऊन घरीच एमपीएससीचा अभ्यास करते. नातेवाईक आले की 'अमक्याची मुलगी लागली, तुझं अजून चालूच का?' असं सुरू होतं. बोलले तर भांडण होतं, गप्प बसले तर दिवसभर डोक्यात तेच फिरतं. अभ्यास करायचा कधी?"

अगदी हेच गाऱ्हाणं घेऊन सातारा जिल्ह्यातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. वय 26, बी.कॉम. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिला मी आधी एक आठवडा वहीत नोंद ठेवायला सांगितली: अभ्यास कधी मोडला, कशाने मोडला आणि पुन्हा कधी सुरू झाला. वही पाहिल्यावर चित्र वेगळंच निघालं. आत्या रविवारी येऊन तासाभरात जात होत्या, पण त्यांना मनातल्या मनात उत्तरं देण्यात सोमवारची दुपारही जात होती. बाकीचे दिवस मोडत होते ते 'जरा चहा टाक गं' आणि नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे.

पुढच्या भेटीला वडिलांना बोलावलं. विचारलं, "तुमच्या बहिणीने विचारलं तर तुम्ही काय सांगता?" ते म्हणाले, "काय सांगणार? करतेय अभ्यास, म्हणतो." खरी गाठ इथे होती. वडिलांकडेच उत्तर नव्हतं, म्हणून प्रत्येक पाहुणा थेट मुलीला गाठत होता.

मग तिघांनी बसून एक पान लिहिलं. राज्यसेवेचे टप्पे तीन: पूर्व, मुख्य, मुलाखत. पूर्वमध्ये सीसॅटला 33 टक्के मिळाले की पुरे, निवड ठरते सामान्य अध्ययनावर. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणून जुन्या वस्तुनिष्ठ तयारीवर भागत नाही, रोज उत्तरं लिहावी लागतात. 'दोन वर्षं काय केलं?' या वडिलांच्या मनातल्या प्रश्नालाही तिथेच उत्तर मिळालं. शेवटची ओळ तिने स्वतः लिहिली: आणखी दोन पूर्व परीक्षा, त्यात नाही झालं तर अकाउंटची नोकरी धरायची. खुल्या गटाला वयोमर्यादा 38 आहे, पण ती या पानावर येऊ दिली नाही. 'अजून बारा वर्षं आहेत' हे ऐकून कुठल्याही घरच्यांच्या पोटात गोळाच येईल.

आत्यांसाठी वाक्यं तीनच ठरवली, आणि ती माझ्यासमोर मोठ्याने म्हणून घेतली: "आत्या, काळजीने विचारताय ते कळतं मला. पुढच्या पूर्व परीक्षेपर्यंत हाच अभ्यास आहे, नंतरचं बाबांशी बोलून ठरलंय. निकाल लागला की मीच फोन करीन." गुण, कटऑफ, मैत्रिणींचे निकाल यातलं काही सांगायचं नाही, कारण सांगितलेल्या प्रत्येक आकड्यातून पुढचा प्रश्न निघतो. ज्यांच्याशी तुलना होते त्यांची उणीदुणी तर नाहीच काढायची. तीच तुलना आपण उलटी चालवली असं होतं.

आत्या आल्या, आणि म्हणाल्या, "बापाच्या जिवावर किती दिवस?" तिने तिसरं वाक्य पुन्हा तेवढंच म्हटलं. मग वडील बोलले, "अक्का, आमचं ठरलंय." विषय तिथे थांबला. हे मुलीने म्हणण्यात आणि वडिलांनी म्हणण्यात फार फरक पडतो, म्हणून मी आधी घरातल्या माणसाला तयार करते.

वेळेचा सौदा आईशी झाला. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी दोन ते पाच तिला हाक मारायची नाही, संध्याकाळच्या भाकऱ्या तिच्याकडे. आईची धास्ती वेगळी होती, 'पोरगी बाहेरसुद्धा आली नाही' असं लोक म्हणतील. ती धास्ती खोटी नाही. म्हणून पाहुणे आले की पाणी घेऊन यायचं, नमस्कार करायचा, दहा मिनिटं बसायचं आणि "माझी अभ्यासाची वेळ आहे, बसा निवांत" म्हणून उठायचं. चहा आई करेल. त्या दोन्ही वेळांत फोन आईच्या कपाटात. टोमणा ऐकून आल्यावर राज्यघटना डोक्यात शिरत नाही, म्हणून तेव्हा सीसॅटची वीस गणितं सोडवायची. हात चालू लागला की मनातलं भांडण मागे पडतं.

वडीलच दबाव आणत असतील किंवा न विचारता लग्न ठरवत असतील, तर ही तीन वाक्यं पुरणार नाहीत. आधी तुमच्या बाजूने बोलेल असं घरातलं दुसरं माणूस शोधा. दोन आठवडे झोप किंवा भूक गेली असेल, तर अभ्यासाचं नंतर बघू, डॉक्टरांना भेटा.

आणखी एक. आयोगाच्या परीक्षा पुढे ढकलल्या जातात, आणि तारीख हलली की नातेवाईकांना ती सबब वाटते. या मुलीने तसं झालं त्याच संध्याकाळी वडिलांना आयोगाचं परिपत्रक दाखवलं आणि पानावरची तारीख त्यांच्याच हाताने बदलून घेतली. आत्यांना फोनही वडिलांनीच केला.